निसटलेल्या बगांचा हिशेब: डिफेक्ट एस्केप रेट काढायचा कसा आणि मांडायचा कसा

सापडलेल्या एकूण बगांपैकी टेस्टिंगच्या हातून निसटून किती थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांसमोर गेले, याचं प्रमाण म्हणजे डिफेक्ट एस्केप रेट. सूत्र एका ओळीचं आहे:

```
escape rate = production / (testing + production) × 100
```

भाजकात दोन्हींची बेरीज आहे, हे आधी नीट बघून घ्या. काही जण प्रॉडक्शनच्या बगांना फक्त टेस्टिंगच्या बगांनी भागतात. टेस्टिंगमध्ये 46 आणि प्रॉडक्शनमध्ये 8 बग असतील, तर बरोबर उत्तर 8 भागिले 54, म्हणजे 14.8 टक्के. त्या दुसऱ्या पद्धतीने 17.4 येतं, आणि एखाद्या वाईट रिलीजला तो आकडा शंभराच्या वरही जातो. म्हणून रिपोर्टमध्ये टक्केवारीच्या खाली सूत्र बारीक अक्षरात का होईना, पण लिहून ठेवावं. सहा महिन्यांनी दुसरं कोणी रिपोर्ट काढायला बसलं की त्याचा उपयोग होतो.

भागाकार कोणालाही जमतो. कोणता बग कोणत्या खात्यात टाकायचा, तिथे खरा घोळ होतो. म्हणून एका काल्पनिक रिलीजचे आकडे घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. ऑनलाइन ऑर्डर घेणारं एक अ‍ॅप्लिकेशन आहे. त्याची 4.2 आवृत्ती 3 मार्चला प्रॉडक्शनमध्ये गेली, आणि त्याआधी तीन आठवडे टेस्टिंग चाललं.

महिन्याने मोजू नका, रिलीजने मोजा

नवीन माणूस हमखास करतो ती चूक अशी: मार्च महिन्यात टेस्टिंगने नोंदवलेले बग घेतो, मार्चमध्येच प्रॉडक्शनमधून आलेले बग घेतो आणि भागून मोकळा होतो. पण मार्चमध्ये टेस्टर 4.3 तपासत होते आणि ग्राहक 4.2 वापरत होते. म्हणजे वरचा आकडा एका रिलीजचा आणि खालचा बराचसा दुसऱ्याच रिलीजचा. 4.3 मध्ये काम मोठं असेल तर टेस्टिंगचे बग वाढतात आणि 4.2 ची टक्केवारी आपोआप छान दिसू लागते. 4.2 च्या गुणवत्तेत मात्र कणभरही फरक पडलेला नसतो.

म्हणून प्रत्येक बगवर दोन गोष्टी नोंदलेल्या हव्यात: तो कोणत्या आवृत्तीत शिरला आणि कुठे सापडला. बग नोंदवायच्या जिरा या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यासाठी `Affects Version` हे फील्ड तयारच असतं. दुसऱ्यासाठी बहुधा स्वतःचं फील्ड बनवावं लागतं. त्याला `Found In` म्हणा आणि पर्याय तीनच ठेवा: Testing, UAT, Production. पर्याय दहा ठेवले की लोक पहिला दिसेल तो निवडतात. फील्ड सक्तीचं करा, पण त्यात आधीच भरलेली किंमत ठेवू नका. आधीच Testing निवडलेलं असेल, तर घाईत टाकलेला प्रॉडक्शनचा बगही Testing म्हणूनच नोंदला जातो आणि पुढे तो शोधूनही सापडत नाही.

UAT मध्ये, म्हणजे ग्राहकाच्या माणसांनी रिलीजआधी केलेल्या तपासणीत सापडलेले बग प्रॉडक्शनचे नव्हेत. ते टेस्टिंगच्या बाजूला धरा, पण वेगळे दिसतील असे. कुठे हवे ते आत्ताच ठरवा आणि मग बदलू नका. या उदाहरणात UAT नव्हतं असं धरू.

किती दिवस वाट पाहायची

प्रॉडक्शनमध्ये बग येतच राहतात, त्यामुळे कुठेतरी रेघ मारावी लागते. सॉफ्टवेअरच्या मोजमापावर दीर्घकाळ काम केलेले केपर्स जोन्स बग पकडण्याची कार्यक्षमता मोजताना रिलीजनंतरचे पहिले 90 दिवस धरतात. वर्षातून दोन-चार रिलीज असतील तर हा काळ सोयीचा. दर पंधरवड्याला रिलीज होत असेल तर 90 दिवस थांबेपर्यंत पुढची सहा रिलीज होऊन गेलेली असतात, आणि तोवर आलेल्या आकड्यात कोणाला रस उरत नाही. तिथे 30 दिवसांनी पहिला आकडा द्यावा आणि 90 दिवसांनी तोच पुन्हा काढून शेजारी लिहावा. दुसरा आकडा जवळजवळ नेहमी जास्तच येतो. हे वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं नाही तर "आकडा का बदलला?" यावर एक मीटिंग खर्ची पडते.

दोन रिलीजची तुलना करताना दोघांचं वय सारखं हवं. 4.2 ला 30 दिवस झाले आहेत आणि 4.3 ला दहाच, अशा वेळी 4.3 चा कमी आकडा म्हणजे सुधारणा नव्हे. लोकांनी ती आवृत्ती अजून पुरती वापरलेलीच नसते. सुविधा आधी बंद ठेवून नंतर टप्प्याटप्प्याने उघडत असाल, तर त्या सुविधेपुरते दिवस ती सर्वांना उघडल्यापासून मोजा. नाहीतर 30 दिवस उलटून गेल्यावर ती चालू होते आणि तिचे बग कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

आपल्या उदाहरणात खिडकी 30 दिवसांची: 3 मार्च ते 1 एप्रिल, दोन्ही दिवस धरून. प्रॉडक्शनचे बग काढायची क्वेरी अशी:

```
project = SHOP AND issuetype = Bug
AND affectedVersion = "4.2"
AND "Found In" = Production
AND created >= "2025-03-03" AND created < "2025-04-02"
AND (resolution is EMPTY OR resolution not in
    (Duplicate, "Not a Bug"))
```

`resolution is EMPTY` हा तुकडा काढू नका. जिरामध्ये `not in` लावलं की ज्या टिकिटांवर ते फील्ड रिकामं आहे तीही गाळली जातात. म्हणजे अजून न सुटलेले सगळे बग यादीतून गायब होतात आणि एस्केप रेट सुंदर दिसतो. यादीत एकही उघडं टिकीट दिसत नसेल, तर पहिला संशय इथेच घ्या. `Not a Bug` हे नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं, त्याप्रमाणे बदला.

आणखी एक: `Won't Do` लावलेली टिकिटं सरसकट गाळू नका. "बग खरा आहे, पण दुरुस्त करणं परवडत नाही" अशा बगांनाही हाच शिक्का बसतो. दुरुस्त केला नाही म्हणून निसटलेला बग निसटला नाही असं होत नाही.

टिकिटं निवडणे

क्वेरीतून आकडा मिळाला तरी काम संपत नाही, कारण शिक्के माणसांनी लावलेले असतात आणि काही लावायचे राहून गेलेले असतात. खिडकीतली कच्ची टिकिटं एकदा डोळ्याखालून घालायलाच हवीत. `affectedVersion` आणि `resolution` या अटी काढून तीच क्वेरी चालवली, तर ज्यांच्यावर आवृत्ती टाकायची राहिली तीही दिसतात.

4.2 साठी टेस्टिंगची कच्ची टिकिटं 64 निघाली. त्यातली 7 दुसऱ्या कुठल्यातरी टिकिटाचीच पुनरावृत्ती होती. 5 ठिकाणी प्रणाली ठरल्याप्रमाणेच वागत होती, टेस्टरचा समज चुकला होता. 3 वेळा दोष टेस्टिंगच्या सर्व्हरचा किंवा बिघडलेल्या डेटाचा होता. आणि 3 बग जुने होते, 4.1 मध्येही तसेच होते, फक्त आत्ता नजरेस पडले. 18 गेले, उरले 46.

प्रॉडक्शनची कच्ची टिकिटं 23. इथे जरा रेंगाळू, कारण अंशात एक टिकीट इकडचं तिकडे झालं तरी टक्केवारी चांगलीच हलते.

6 टिकिटं पुनरावृत्तीची. त्यातली 5 म्हणजे एकाच दोषाबद्दल वेगवेगळ्या ग्राहकांनी केलेल्या तक्रारी. आपण बग मोजतोय, तक्रारी नव्हे, म्हणून मूळ टिकीट ठेवून ही पाच त्याला जोडायची. सहावं जास्त फसवं आहे. तो बग टेस्टिंगमध्ये सापडला होता, "पुढच्या रिलीजमध्ये करू" म्हणून बाजूला ठेवला होता, आणि मग ग्राहकाला तोच दिसला. हा एस्केप नाही. टेस्टिंगने तो पकडला होता, तो जाऊ देण्याचा निर्णय दुसऱ्या कोणाचा होता. टेस्टिंगच्या 46 मध्ये तो आधीच आहे, इथे पुन्हा धरला तर दोनदा मोजला जाईल. असे बग जास्त असतील तर मात्र रिपोर्टमध्ये त्यांची वेगळी ओळ द्या.

4 टिकिटं बग नव्हतीच: दोन "हे कसं करायचं" अशी विचारणा, दोन नव्या सुविधांची मागणी. 1 टिकीट सर्व्हरवरच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याचं होतं. त्याचा 4.2 च्या कोडशी संबंध नाही. रिलीजसोबत जाणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चूक असती, तर ती मात्र मोजली असती, कारण ती फाइलही रिलीजचाच भाग आहे.

उरलेल्या 12 पैकी 4 बग जुने निघाले. जुना की नवा हे अंदाजाने ठरवू नका. 4.1 ची बिल्ड चालवा, त्याच पायऱ्या करून पाहा. तिथेही तसंच झालं तर बग 4.2 चा नाही. जुनी बिल्ड उभी करणं शक्य नसेल तर डेव्हलपरला त्या ओळी कोणत्या कमिटमध्ये आल्या ते `git blame` ने काढायला सांगा. जुन्या बगाची आवृत्ती टिकिटावर दुरुस्त करा. त्या आवृत्तीची खिडकी उघडी असेल तर तो तिथे जमा होईल, नसेल तर "जुने बग" म्हणून वेगळ्या ओळीत जाईल.

म्हणजे 23 मधून 15 गेले आणि 8 राहिले. 8 भागिले 54, 14.8 टक्के. न निवडता कच्च्या आकड्यांवरच भागाकार केला असता तर 23 भागिले 87, म्हणजे 26.4 टक्के आला असता. एवढी मोठी तफावत पडते, म्हणूनच काय गाळलं आणि का गाळलं हे रिपोर्टमध्ये दिसायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आकडा हवा तसा बसवला आहे.

जे टिकीट झालंच नाही ते

आत्तापर्यंत जास्तीचं काढलं, आता राहिलेलं शोधायचं. प्रॉडक्शनमधले बग अनेकदा बग ट्रॅकरपर्यंत पोचतच नाहीत. सपोर्ट टीमचं स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर असतं, तिथे "ग्राहकाला पर्यायी मार्ग सांगितला" असं लिहून विषय बंद होतो. किंवा रात्री एरर लॉगमध्ये काहीतरी दिसलं, डेव्हलपरने चार ओळी बदलल्या, हॉटफिक्स टाकला आणि सकाळी कोणाला पत्ताही नाही.

यावर सोपी पडताळणी आहे. खिडकीच्या काळात प्रॉडक्शनवर किती हॉटफिक्स गेले त्यांची यादी डिप्लॉयमेंटच्या नोंदीतून घ्या आणि प्रत्येकासमोर टिकीट नंबर लिहायला बसा. ज्याच्यासमोर नंबर नाही, तो न नोंदलेला बग असण्याची दाट शक्यता. सपोर्टच्या बाजूने, त्या 30 दिवसांत "पर्यायी मार्ग" सांगून बंद केलेल्या तक्रारी काढा आणि सपोर्टच्या एका माणसासोबत बसून वाचा. पहिल्याच वेळी दोन-तीन बग हाती लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. वरच्या 23 मध्ये अशी शोधून काढलेली टिकिटं धरलेली आहेत.

टेस्टिंगच्या बाजूलाही गळती असते. टेस्टर आणि डेव्हलपर शेजारी बसतात, बग तोंडी सांगितला जातो, दहा मिनिटांत दुरुस्त होतो, टिकीट होत नाही. काम म्हणून हे छानच, पण भाजक लहान होतो आणि एस्केप रेट विनाकारण वाढतो. टेस्टिंगला दिलेल्या बिल्डमध्ये सापडलेला बग दोन ओळींचा का असेना, नोंदायचा, एवढा नियम पुरतो. डेव्हलपरला स्वतःच्या मशीनवर दिसलेले दोष यात धरायचे नाहीत.

गंभीरतेनुसार फोड

14.8 हा एकच आकडा वर पाठवला तर त्यातून फारसं काही कळत नाही. त्याच 54 बगांची गंभीरतेनुसार फोड करून पाहा:

| गंभीरता | टेस्टिंग | प्रॉडक्शन | एकूण | निसटले |
|---|---|---|---|---|
| क्रिटिकल | 4 | 2 | 6 | 6 पैकी 2 |
| मेजर | 16 | 4 | 20 | 20% |
| मायनर | 26 | 2 | 28 | 7.1% |
| एकूण | 46 | 8 | 54 | 14.8% |

टेस्टिंगने किरकोळ बग चाळणी लावल्यासारखे वेचले आणि सर्वात गंभीर सहापैकी दोन हातून गेले. एकूण आकडा मायनर बगांनी खाली ओढला होता. पहिल्या ओळीत मुद्दाम टक्केवारी लिहिलेली नाही. 33.3 टक्के म्हटलं की फार अचूक काहीतरी मोजल्यासारखं वाटतं, पण एक बग इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा 16.7 किंवा 50 होतो. एकूण दहाच्या आत असेल तिथे "इतक्यांपैकी इतके" असंच लिहावं.

या तक्त्यासाठी गंभीरता दोन्ही बाजूंना एकाच मापाने ठरलेली हवी. ग्राहक ओरडला म्हणून प्रॉडक्शनचा बग क्रिटिकल आणि अगदी तसाच दोष टेस्टिंगमध्ये मेजर, असं झालं तर फोड निरर्थक. गंभीरता म्हणजे दोषाने किती नुकसान होतं. तो कधी दुरुस्त करायचा ती प्राधान्याची गोष्ट झाली, तिचं फील्ड वेगळं.

प्रत्येक निसटलेल्या बगाची एक ओळ

आठच बग आहेत, तेव्हा प्रत्येकासमोर तो कुठे पकडता आला असता ते लिहा. माझ्या मते रिपोर्टमधला सर्वात उपयोगी भाग हाच, टक्केवारी त्याच्या पुढे दुय्यम.

4.2 चे दोन क्रिटिकल बग बघा. पहिला: पूर्ण किमतीइतकी सवलत देणारं कूपन लावलं की बिल शून्य होतं, पेमेंट गेटवे शून्य रकमेची विनंती नाकारतो आणि ऑर्डर अडकून पडते. कूपनच्या टेस्ट केस होत्या, पण 10 आणि 25 टक्क्यांच्याच. शंभर टक्क्यांची एकही नव्हती. दुसरा: ऑर्डरचा अहवाल उघडताना पान टाइमआउट होतं. टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये 2,000 ऑर्डर होत्या, प्रॉडक्शनमध्ये 4 लाख. टेस्ट केस होती, चालवलीही होती, आणि ती पासही झाली होती.

वरवर दोन्ही "टेस्टिंगने सोडलेले बग". पण पहिल्यासाठी टोकाच्या किमतींची एक टेस्ट केस वाढवली की काम झालं. दुसऱ्यासाठी कितीही टेस्ट केस लिहा, डेटा वाढवल्याशिवाय उपयोग नाही. कारणांचे गट चार ठेवले तरी भागतं: टेस्ट केसच नव्हती, होती पण वेळेअभावी चालवली नाही, चालवली पण वातावरण किंवा डेटा वेगळा होता, अपेक्षित वागणं काय हेच कोणी लिहिलं नव्हतं. शेवटच्या दोन गटांत बरेच बग पडत असतील, तर टेस्टर वाढवून फरक पडणार नाही.

आकडा चढला म्हणजे काम बिघडलं असं नाही

4.3 च्या वेळी डेव्हलपरनी युनिट टेस्ट वाढवल्या. त्यामुळे टेस्टिंगला मिळालेली बिल्ड मुळातच स्वच्छ होती. निवडून उरलेले बग: टेस्टिंगमध्ये 20, प्रॉडक्शनमध्ये 5. एस्केप रेट 5 भागिले 25, म्हणजे 20 टक्के. 14.8 वरून 20! नुसती टक्केवारी पाहणाऱ्याला वाटेल घसरण झाली. प्रत्यक्षात ग्राहकांपर्यंत गेलेले बग 8 वरून 5 वर आले. भाजक आक्रसला, एवढंच झालं.

उलटही घडतं. एकाच पानावरच्या वीस शब्दांच्या चुका वीस टिकिटं करून टाकल्या की भाजक फुगतो आणि एस्केप रेट खाली येतो. हा आकडा कोणाच्या मूल्यमापनाला जोडला की हे लगेच सुरू होतं, आणि प्रॉडक्शनच्या बाजूला "बग नाही, मागणी आहे" असा शिक्का बसलेली टिकिटंही वाढू लागतात. गाळलेल्या टिकिटांचा आकडा दर रिलीजला छापलात तर हे पटकन उघडं पडतं: कच्च्या 23 पैकी बग नसलेली 4 होती, ती पुढच्या वेळी 11 झाली, तर ती अकरा वाचून बघा.

म्हणून टक्केवारी कधीच एकटी पाठवू नका. 4.2 चा रिपोर्ट वरच्या तक्त्यासह एवढ्यात मावतो:

```
आवृत्ती 4.2 | रिलीज 3 मार्च | खिडकी 30 दिवस
टेस्टिंग:   कच्चे 64, गाळले 18, बग 46
प्रॉडक्शन:  कच्चे 23, गाळले 15, बग 8
एस्केप रेट: 8 / (46 + 8) = 14.8%
गाळलेले (प्रॉडक्शन): पुनरावृत्ती 6, विचारणा/मागणी 4,
                     सर्व्हर 1, जुने बग 4
```

90 दिवसांनी याच रिलीजचे आणखी 3 बग आले तर 11 भागिले 57, म्हणजे 19.3 टक्के. तेव्हा जुनी ओळ खोडू नका. तिच्याखाली नवी ओळ लिहा, दोन्हींवर दिवसांचा आकडा टाका, आणि नंतरच्या त्या तीन बगांसमोरही ते कुठे पकडता आले असते ते भरा.